तीन रात्रींचा हिशेब

लहान मुलाचा जनाजा आमच्याकडे खांद्यावरून नेत नाहीत. एकच माणूस तो दोन हातांवर घेऊन चालतो. माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा अकरा महिन्यांचा होता. ऐन पावसाळ्यात गेला. कब्रस्तानाची वाट चिखलाची. मेहुण्याने त्याला हातांवर घेतलं होतं आणि मी त्याच्यावर छत्री धरून बाजूने चाललो होतो. कफनावर पाण्याचा थेंब पडू नये एवढं एकच काम त्या वेळी मला कळत होतं, आणि मी ते जिवाच्या आकांताने करत होतो.

आम्ही कोकणी मुसलमान शाफई. उत्तरेकडचे बहुतेक मुसलमान हनफी; आमच्याकडे इस्लाम अरबी समुद्रावरून आला आणि त्या किनाऱ्यांचा मजहब, म्हणजे धर्मनियमांची परंपरा, घेऊन आला. जनाज्याच्या नमाजेत तिसऱ्या तकबीरनंतर मयतासाठी दुवा असते. मोठं माणूस असेल तर आपण म्हणतो, या अल्लाह, याचे गुन्हे माफ कर. पण बाळाने गुन्हा केलेलाच नसतो. म्हणून शाफई फिक्हच्या किताबांत बाळासाठी वेगळी दुवा दिली आहे. तिचा अर्थ साधारण असा: या अल्लाह, याला त्याच्या आईबापासाठी पुढे गेलेला कर, त्यांची शिल्लक कर, त्यांच्यासाठी नसीहत आणि इअतिबार कर, शिफारस करणारा कर, याच्यामुळे त्यांचं पारडं जड कर आणि त्यांच्या काळजांवर सब्र ओत.

लहानपणी मदरशात ही दुवा मी पाठ केली होती. किती जनाज्यांत म्हटली असेन. त्या दिवशी पहिल्यांदा तिचा एकेक शब्द ऐकू आला. माफीचा शब्द या दुवेत नाही, कारण माफ करण्यासारखं काही नाही. मग त्याला जो त्रास झाला तो कशाचा?

हा प्रश्न माझ्या बहिणीने मला चौथ्या दिवशी विचारला, आणि माझ्यापेक्षा नेमका विचारला. ती म्हणाली, "भाई, तो गेला त्याबद्दल मी काही बोलत नाही. अल्लाहचा होता, अल्लाहने नेला. पण नेण्याआधी तीन रात्री त्याला तापात तडफडत ठेवलं ते कशासाठी? न्यायचंच होतं तर झोपेत न्यायचं."

तिने कलामच्या, म्हणजे अल्लाहबद्दल तर्काने वाद करणाऱ्या शास्त्राच्या, किताबांचं नावही ऐकलेलं नाही. तरी हजार-अकराशे वर्षांपूर्वी बसऱ्यात आणि बगदादमध्ये ज्या वादावर लोकांनी आयुष्यं घालवली, त्याच्या मुळाशी ती एका वाक्यात पोचली. त्या वादाला नावच 'आलामुल अत्फाल' असं आहे: लेकरांच्या वेदना. मृत्यूचा नव्हे, वेदनांचा वाद. मृत्यूचं स्पष्टीकरण देणं त्या मानाने सोपं. जीव देणाऱ्याने जीव परत घेतला, एवढं म्हणता येतं. दुखणं मात्र वेगळं काहीतरी आहे. ते कोणीतरी द्यावं लागतं.

दुःखाला येणारे बसलेले होते. शेजारच्या काकू रोज डबा घेऊन येत होत्या. बहिणीचा हात हातात घेऊन त्या म्हणाल्या, "मागच्या जन्माचं काहीतरी राहिलं असेल गं, ते फेडून गेला लेकरू." त्यांनी ते प्रेमानेच म्हटलं, त्यांच्या घरात असल्या दुःखावर हेच बोललं जातं. बहिणीने मान हलवली. पण आमच्याकडे मागचा जन्म नाही. माणूस एकदाच येतो. त्यामुळे अकरा महिन्यांच्या मुलाच्या तापाला मागे टेकायला भिंतच उरत नाही, आणि सगळा भार पुढे, म्हणजे थेट अल्लाहच्या इन्साफवर येतो.

गंमत नाही, खरंच सांगतो: हा मागच्या जन्माचा रस्ताही काही मुसलमान विचारवंतांनी चालून पाहिला होता. नवव्या शतकात नज्जाम नावाच्या मोठ्या पंडिताच्या, जो अकलेला प्रमाण मानणाऱ्या मुअतजिली पंथाचा होता, शिष्यवर्तुळातले काहीजण, अहमद इब्न खाबित हे त्यांतलं ठळक नाव, पुनर्जन्म मानू लागले. कारण हेच, की लेकरांच्या आणि जनावरांच्या यातना दुसऱ्या कशाने त्यांना न्याय्य ठरवता येईनात. इतरांनी त्यांना वाळीत टाकलं. दुसऱ्या टोकाला बकरिया नावाचा एक छोटा गट होता. त्यांनी प्रश्नच संपवला. ते म्हणाले, लेकरांना आणि जनावरांना दुखतच नाही. ज्याने तीन रात्री बाळाला कण्हताना ऐकलंय त्याच्यासमोर हे वाक्य उच्चारून बघावं. त्या काळच्या विद्वानांनीही हे उत्तर फारसं मनावर घेतलं नाही. डोळ्यांना दिसतंय ते नाकारायचं कसं, असंच ते म्हणाले.

ज्यांनी प्रश्न खरोखर अंगावर घेतला ते मुअतजिली. ते स्वतःला 'अहलुल अद्ल वत्तौहीद' म्हणवत, म्हणजे इन्साफ आणि एकत्व मानणारे. त्यांची पहिली अट अशी, की चांगलं आणि वाईट आपल्या अकलेला कळतं, आणि तीच मोजपट्टी अल्लाहलाही लागू आहे. विनाकारण, मोबदल्याविना निरपराध्याला दुखवणं हा जुलूम. अल्लाह जुलूम करत नाही. म्हणजे बाळाच्या दुखण्याला कारण असलंच पाहिजे आणि मोबदलाही असलाच पाहिजे. या मोबदल्याला त्यांचा शब्द आहे 'इवज'. आपल्या मराठीतला 'ऐवज' आणि 'ऐवजी' याच अरबी शब्दातून आले. एखाद्या गोष्टीच्या बदल्यात ठेवलेली मोलाची वस्तू.

इवजचा त्यांनी केलेला विचार एखाद्या जमाखर्चाच्या वहीसारखा बारकाईचा आहे. पुण्याचं फळ वेगळं आणि इवज वेगळा. पुण्याचं फळ कायमचं असतं आणि त्यात मानसन्मान असतो, कारण ते माणसाने कमावलेलं असतं. इवज कमावलेला नसतो, तो देणं असतो. झालेल्या नुकसानीची भरपाई. म्हणून त्यात सन्मानाचा भाग नाही. तो कायमचा की काही काळाचा, यावरही त्यांच्यात वाद. पण तो किती असावा याची एक कसोटी ते सांगतात आणि ती मला फार विचारी वाटते. इवज एवढा मोठा हवा, की तो डोळ्यांसमोर ठेवला तर कोणताही शहाणा माणूस आपणहून म्हणेल, मला हे दुखणं चालेल. बाळाला कोणी विचारलं नव्हतं, त्याची संमती कुठे होती, या आक्षेपाला त्यांचं उत्तर हेच आहे. जिथे मोबदल्याबद्दल दोन शहाण्यांत मतभेदच होऊ शकत नाही, तिथे विचारण्याची गरज उरत नाही.

जनावरंही या वहीत आहेत. बकरी ईदला आपण बोकड कापतो ते अल्लाहने परवानगी दिली म्हणून. मुअतजिली म्हणतात, मग त्या बोकडाच्या वेदनेचा इवज परवानगी देणाऱ्याने आपल्या अंगावर घेतला आहे. आखिरतमध्ये, म्हणजे मरणानंतरच्या हिशेबाच्या वेळी, बिनशिंगाच्या बकरीलाही शिंगवाल्या बकरीकडून हिशेब मिळेल अशी हदीस आहेच. ही ओळ वाचल्यापासून ईदच्या सकाळी बोकडाच्या मानेवर हात ठेवताना मला ते देणं आठवतं.

पण खरी गाठ पुढे आहे, आणि ती बाप-लेकांच्या मतभेदात सापडते. बसऱ्याच्या मुअतजिलींचा प्रमुख अबू अली अल-जुब्बाई, मृत्यू 915. त्याच्या मते भरपूर इवज मिळाला की दुखणं न्याय्य झालं. त्याचा मुलगा अबू हाशिम, मृत्यू 933, बापाशी सहमत झाला नाही. त्याचं म्हणणं असं: समजा मी एका मजुराला बोलावलं आणि सांगितलं, नदीच्या या काठाचं पाणी बादलीने काढून त्या काठाला ओत, दिवसभर ओत, संध्याकाळी तुला भरपूर मजुरी देतो. मजुरी चोख दिली म्हणजे मी जुलूम केला नाही हे खरं. पण ते काम निरर्थकच राहिलं. आणि जो मजुरी तशीच, काम न करवता देऊ शकतो, त्याने ते काम करवून का घ्यावं? अल्लाह बाळाला जन्नतचं सगळं सुख फुकट देऊ शकतो. मग ताप मध्ये कशाला? केवळ मोबदल्याने दुखण्याचा जुलूमपणा जातो, निरर्थकपणा जात नाही. तो जायला आणखी काहीतरी लागतं. त्या काहीतरीला ते म्हणतात 'इअतिबार': पाहणाऱ्याने त्यातून बोध घेणं, जागं होणं, अल्लाहकडे वळणं. बाळाला बोध घेता येत नाही. तो घ्यायचा ज्यांना अक्कल आली आहे त्यांनी. आईने, बापाने, मामाने.

म्हणजे अबू हाशिमकडे दोन अटी झाल्या. इवज बाळाला, त्यामुळे अन्याय नाही. इअतिबार आपल्याला, त्यामुळे व्यर्थ नाही. पुढे काजी अब्दुल जब्बार, जो बुवैही राजवटीत इराणमधल्या रय शहराचा मुख्य काजी होता आणि 1025 मध्ये वारला, त्याने हेच मत आपल्या वीस खंडांच्या 'अल-मुग्नी' या ग्रंथात सविस्तर मांडलं. हा ग्रंथ शतकानुशतकं गडप होता. मुअतजिली संपले, त्यांची पुस्तकं सुन्नी जगातून जवळपास नाहीशी झाली. यमनच्या जैदी शियांनी मात्र ती जपली, आणि 1950च्या दशकाच्या सुरुवातीला इजिप्तहून गेलेल्या मंडळींना तिथे 'मुग्नी'चे बरेच खंड हस्तलिखितात सापडले. ज्यांच्याबद्दल हजार वर्षं फक्त विरोधकांच्या तोंडून ऐकलं होतं, त्यांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत वाचायला मिळालं.

आता जनाज्याची दुवा पुन्हा बघा. 'त्यांच्यासाठी नसीहत आणि इअतिबार कर.' तोच शब्द. आमच्या शाफई किताबांचे लेखक मुअतजिली नव्हते, बहुतेक त्यांचे कट्टर विरोधक होते. तरी बाळाच्या जनाज्यात तोच शब्द येतो. मी हे बहिणीला सांगितलं. मला वाटलं, कुठेतरी आधार मिळेल. ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "म्हणजे मला शिकवायला त्याला ताप आणला?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. काजी अब्दुल जब्बार म्हणेल, नाही, त्याचं त्याला मिळालंय, कित्येक पटींनी. तुझ्या शिकण्यासाठी त्याचं काही हिरावलेलं नाही. हिशेब म्हणून हे चोख आहे. पण आईला तो हिशेब दिला, की तिच्या वाट्याला तिसरीच गोष्ट येते: आपल्यामुळे. तेव्हापासून मी कोणाच्याही घरात दुःखाच्या वेळी बोधाची भाषा बोलत नाही.

जुब्बाईचा एक शिष्य होता, अबुल हसन अल-अशअरी. 874 च्या सुमाराचा जन्म. चाळिशीच्या आसपास, 912 च्या सुमाराला, त्याने बसऱ्याच्या मशिदीत उभं राहून जाहीर केलं, की मी मुअतजिली मत सोडलं. ते का सोडलं याची एक गोष्ट सांगतात. अशअरीने गुरूला विचारलं, तीन भाऊ होते. एक श्रद्धावान मरण पावला, एक काफिर, एक लहानपणीच गेला. तिघांचं काय? गुरू म्हणाला, पहिला जन्नतमध्ये उच्च स्थानी, दुसरा जहन्नममध्ये, तिसरा सुखरूप. शिष्य म्हणाला, लहानग्याने उच्च स्थान मागितलं तर? गुरू म्हणाला, ते पहिल्याने इबादतीने कमावलं. शिष्य म्हणाला, लहानगा म्हणेल, माझा काय दोष, तू मला जगूच दिलं नाहीस. गुरू म्हणाला, अल्लाह सांगेल, तू मोठा झाला असतास तर गुन्हे करून जहन्नममध्ये गेला असतास हे मला माहीत होतं, तुझ्या भल्यासाठी तुला आधीच नेलं. तेव्हा शिष्य म्हणाला, आता दुसरा भाऊ जहन्नममधून ओरडेल: मालिक, तुला माझंही माहीत होतं, मग मला लहानपणी का नाही नेलंस? गुरू गप्प झाला. शेखसाहेबांचं गाढव घाटात अडलं, असं या गोष्टीत म्हटलं आहे.

गोष्ट इतकी नेटकी आहे की शंका यावी. आणि अभ्यासकांना शंका आहेच. अशअरीच्या आज हाती असलेल्या ग्रंथांत ती नाही. ती त्याच्यानंतरच्या लिखाणात दिसते. शिवाय नेम चुकतो. अल्लाहने प्रत्येकासाठी प्रत्येक बाबतीत सर्वांत हिताचंच केलं पाहिजे, हे मत बगदादच्या मुअतजिलींचं होतं. जुब्बाई बसऱ्याचा, बसऱ्याच्या पंथाला हे इतक्या सरसकटपणे मान्य नव्हतं. तरी ही गोष्ट टिकली, कारण ती एका ठिकाणी अचूक लागते. आमच्याकडेही लोक बहिणीला म्हणालेच, "मोठा होऊन बिघडला असता तर? अल्लाहने वाचवला." तेव्हा माझ्या डोक्यात तो दुसरा भाऊ ओरडत होता. ज्याला वाचवलं नाही तो.

अशअरीचं स्वतःचं उत्तर ऐकायला कठीण आहे. त्याच्या 'लुमा' या पुस्तकात तो म्हणतो, आपण जे करतो ते वाईट ठरतं कारण आपल्यावर कोणीतरी आहे ज्याने हद्द घालून दिली आणि आपण ती ओलांडली. अल्लाहवर कोणी नाही, त्याला कोणी हद्द घातली नाही. म्हणून त्याचं कोणतंच करणं जुलूम होऊ शकत नाही. अल्लाहने आखिरतमध्ये लेकरांना वेदना दिल्या तरी तो इन्साफच असेल, इथपर्यंत तो जातो. मालक आपल्या मालमत्तेत वागतो आहे. कुरआनची आयत आहे, सूरह अंबियामधली: तो जे करतो त्याबद्दल त्याला विचारलं जात नाही, आणि त्यांना विचारलं जाईल.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटलं होतं. ज्याला मी रहमान म्हणतो त्याच्याबद्दल हे? मुअतजिलींनी तेव्हाच विचारलं होतं, की मग 'अल्लाह आदिल आहे' या वाक्यात काय उरलं? तो काहीही करो, त्यालाच इन्साफ म्हणायचं असेल, तर तो शब्द रिकामा झाला. हा आक्षेप मला आजही खरा वाटतो. पण बहिणीच्या घरात ते चार दिवस बसल्यावर अशअरीमधली एक गोष्ट मला उशिरा दिसली. त्याच्याकडे कारण नाही, म्हणून तो खोटं कारणही देत नाही. तापाचा हिशेब तो मांडतच नाही. आई बोधासाठी जबाबदार नाही, बाळ भविष्यातल्या गुन्ह्यासाठी जबाबदार नाही. अल्लाहने केलं, का ते तुला सांगितलेलं नाही. एवढंच. हे उत्तर थंड आहे. त्यात कोणावर बोट मात्र नाही.

गजालीने, जो 1111 मध्ये वारला आणि अशअरी परंपरेतलाच होता, या थंडपणात ऊब आणायचा प्रयत्न केला. अल्लाहच्या नावांवरच्या त्याच्या पुस्तकात आई-बापाचं उदाहरण आहे. बाळाला तुंबडी लावून रक्त काढायचं आहे. आईला माया येते, ती नको म्हणते. बाप शहाणा, तो जबरदस्तीने लावायला लावतो. अडाणी माणसाला वाटतं, दया आईकडे आहे. गजाली म्हणतो, एखाद्या वाइटात तुला भलं दिसत नसेल तर आपल्या समजुतीवर शंका घे. तुंबडीत बाळालाही नुसतं दुःखच दिसतं. उदाहरण सुंदर आहे. पण तुंबडी लावलेलं मूल नंतर बरं होतं, उठून खेळतं. तिथेच ते माझ्या हातातून सुटतं.

या सगळ्यांत मला जो माणूस सर्वांत जवळचा वाटतो तो मुळात कलामचा माणूस नव्हे. इब्न हजर अल-अस्कलानी, कैरोचा, शाफई, हदीसचा सर्वांत मोठा भाष्यकार, 1372 ते 1449. आमच्या माहीमचे मखदूम अली, ज्यांच्या दर्ग्यावर आम्ही लहानपणी जायचो, ते याच काळातले आणि शाफईच; 1431 मध्ये वारले. इब्न हजरांनी प्लेगवर एक पुस्तक लिहिलं, 'बज्लुल माऊन'. ते त्यांनी हिजरी 819 मध्ये लिहायला घेतलं. त्याच वर्षी प्लेगमध्ये त्यांच्या दोन मुली गेल्या, फातिमा आणि आलिया. पुस्तक पुरं झालं 833 मध्ये, आणि त्या वर्षीच्या प्लेगमध्ये थोरली मुलगी जैन खातून गेली. ती गरोदर होती. एका पुस्तकाच्या दोन टोकांना तीन मुलींच्या कब्री.

त्यात ते हदीसच्या आधारे म्हणतात, प्लेगने मरणारा मोमिन शहीद असतो, प्लेग मोमिनासाठी रहमत आहे. हकीम लोक म्हणत, हवा बिघडल्याने प्लेग होतो. इब्न हजर ते मान्य करत नाहीत आणि हदीसप्रमाणे त्याला जिन्नांची टोचणी म्हणतात. वैद्यकात ते चुकलेच. पण एका ठिकाणी ते स्वतःलाच अडचणीत आणणारा प्रश्न घेतात: प्लेग रहमत आणि शहादत असेल, तर तो जावा म्हणून दुवा का मागायची? आणि ते म्हणतात, मागायची. शत्रूशी लढताना मरण आलं तर शहादत, म्हणून शत्रू आपल्यावर चालून यावा असं कोणी मागत नाही. संकटाचं फळ चांगलं असू शकतं, तरी संकट हे संकटच. मुली गेलेल्या बापाने हे लिहिलं आहे.

आणि मग ती नोंद. 833 मध्ये, म्हणजे 1430 च्या सुरुवातीला, कैरोत प्लेग आला तेव्हा रोजचे मृत्यू चाळीसच्या आत होते. लोकांना तीन दिवस रोजे ठेवायला सांगितलं, मग सगळे शहराबाहेर वाळवंटात जमले, दुवा केली, घटकाभर उभे राहिले आणि परतले. महिना संपायच्या आत रोजचे मृत्यू हजारावर गेले. त्यांचा निष्कर्ष असा, की एकेकट्याने दुवा मागावी, पण असं जमून जाण्याला आधार नाही. दुवेनंतर मृत्यूंचा आकडा चढत जाताना दिसत असूनही त्यांनी तो लपवला नाही, हे मला मोठं वाटतं. अल्लाहची बाजू सांभाळायला म्हणून त्यांनी जमाखर्च बदलला नाही.

हे धैर्य त्यांना कुठून आलं असेल याचा विचार करताना पैगंबरसाहेबांचा मुलगा इब्राहीम आठवतो. दीडेक वर्षाचा होऊन गेला. त्याच दिवशी सूर्याला ग्रहण लागलं. 632 सालच्या जानेवारीतलं ते ग्रहण असावं असं मानतात. लोक म्हणाले, इब्राहीम गेला म्हणून सूर्य झाकोळला. केवढा आधार होता तो एखाद्या बापासाठी! पैगंबरसाहेबांनी तो नाकारला. सूर्यचंद्राला कोणाच्या जन्ममरणासाठी ग्रहण लागत नाही, असं त्यांनी सांगितलं. मुलासाठी मात्र ते रडले. डोळे वाहतात, काळीज दुखतं, आणि रब राजी होईल तेवढंच आम्ही बोलतो. कारण सांगितलं नाही, बोधही सांगितला नाही.

त्या दुवेतला पहिला शब्द 'फरत'. मदरशात आम्हाला अर्थ सांगितला होता, 'पुढे गेलेला'. शब्दकोशात नीट बघितलं तेव्हा कळलं, की काफिला पाण्यावर पोचायच्या आधी एका माणसाला पुढे पाठवत. तो विहिरीवर जाऊन दोर बांधायचा, पोहरे नीट करायचा, हौद भरायचा, म्हणजे मागून येणारे तहानलेले लोक पोचले की पाणी तयार. तो माणूस फरत. आणि शेवटचं वाक्य, 'त्यांच्या काळजांवर सब्र ओत', यातलं क्रियापदही भांडं पुरतं उपडं करून ओतण्याचं आहे. पहिल्या शब्दात विहीर, शेवटच्यात पोहरा. मध्ये तो इअतिबार.

हे मी बहिणीला चाळिसाव्याच्या सुमाराला सांगितलं. ती मागच्या पडवीत मसूर निवडत बसली होती. इअतिबारचं पुन्हा काढलं नाही. त्याऐवजी सहीह मुस्लिममधली हदीस सांगितली. अबू हस्सान नावाच्या माणसाचे दोन मुलगे गेले होते. तो पैगंबरांचे साथी अबू हुरैरा यांच्याकडे आला आणि म्हणाला, पैगंबरांचं असं काही सांगा की मनाला बरं वाटेल. ते म्हणाले, हो, ही लहानगी जन्नतमधले दआमीस आहेत. दआमीस म्हणजे साचलेल्या पाण्यात सुळसुळ फिरणारे ते बारीक जीव, ज्यांना कुठेच मज्जाव नसतो. आपल्या विहिरीतही असतात. आणि मग अबू हुरैरांनी त्या बापाच्या कपड्याचा काठ हातात धरून दाखवला: मी हा तुझा काठ धरलाय ना, तसा तो आपल्या बापाला धरेल, आणि अल्लाह दोघांना जन्नतमध्ये नेईपर्यंत सोडणार नाही.

"कसा धरला?" तिने विचारलं.

मी तिच्या ओढणीचा काठ मुठीत धरला. तिने मसुराचं सूप बाजूला ठेवलं. माझ्या मुठीकडे ती बघत राहिली, बराच वेळ.

"त्याची मूठ याहून खूप लहान होती," ती म्हणाली.